डायलिसिसवरच्या माणसानं काय प्यावं, किती प्यावं: शहाळ्यापासून कटाच्या आमटीपर्यंत

बेळगावात कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर शहाळ्याची गाडी असतेच. आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे हातात शहाळं हवं, ही आपल्याकडची रीत. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आप्पांना, याच रीतीनं एकदा आयसीयूत नेलं होतं. शहाळी आणणाऱ्यांचा दोष नव्हता. घरात तीन वर्षं डायलिसिस चालू असूनही आम्हालाच नीट माहीत नव्हतं.

आप्पा खानापूर तालुक्यातले, वय ६८, मधुमेह जुना. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिसला बेळगावला नेतो. त्या प्रसंगानंतर मी आहारतज्ज्ञांकडे बसून, वही घालून, सगळं शिकून घेतलं. नुकतंच ज्यांच्या घरी डायलिसिस सुरू झालंय त्यांच्यासाठी ते इथं क्रमानं लिहिते. यातले आकडे आप्पांचे आहेत. तुमच्या माणसाचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, पण ते काढायचे कसे आणि पाळायचे कसे, ते इथं कळेल.

आधी हे जवळ ठेवा

- रक्ताचा शेवटचा रिपोर्ट, ज्यात पोटॅशियमचा आकडा आहे
- डायलिसिसचं कार्ड किंवा वही, ज्यात ‘ड्राय वेट’ लिहिलेलं असतं
- चालू औषधांची यादी (रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं तर हवीतच)
- डिजिटल वजनकाटा
- मिलीलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग, लघवी मोजायला वेगळा आणि पाणी मोजायला वेगळा
- एक लिटरची बाटली आणि एक वही

१. आजार कुठला, ते आधी स्पष्ट विचारा

आमच्या गल्लीत एकाला मुतखडा झाला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, दिवसाला तीन लिटर पाणी पी. शहाळ्यानंही त्याला बरं वाटलं. तेव्हापासून गल्लीत ठरून गेलं की किडनीला शहाळं चांगलं. पण मुतखडा झालेल्या माणसाची किडनी बहुतेक वेळा काम करत असते. जास्त पाणी प्यायला की जास्त लघवी होते आणि खडा वाढायला वाव मिळत नाही. किडनी निकामी झालेल्या माणसाचं उलटं असतं, आत गेलेलं पाणी आणि पोटॅशियम बाहेर पडायची वाटच बंद झालेली असते. नाव एकच, ‘किडनीचा त्रास’, आणि पथ्य अगदी विरुद्ध.

दुसरा घोळ याच्या उलटा. क्रिएटिनिन थोडं वाढलंय, लघवी व्यवस्थित होते, पोटॅशियम ठीक आहे, अशा माणसाला घरचे घाबरून पाणी तोडतात आणि फळं बंद करतात. त्यानं तो सुकतो आणि किडनीवर आणखी ताण येतो. म्हणून डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: पाण्याला मर्यादा आहे का, असेल तर किती? पोटॅशियमला मर्यादा आहे का? दोन्ही उत्तरं वहीत लिहून घ्या. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांचे आणि किडनी बदललेल्यांचे हिशेब वेगळे असतात, त्यांनी शेजारच्या खाटेवरच्याचं पथ्य उचलू नये.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असलं तर ठीक. एकक एमईक्यू लिहिलेलं असो की एममोल, आकडा तोच असतो. ५.५ च्या वर गेलं की डॉक्टर पथ्य आणि औषधं पुन्हा तपासतात. साडेसहाच्या आसपास आलं की हृदयाचा ठोका बिघडण्याची भीती असते. कधी रक्त काढताना नमुन्यातल्या पेशी फुटतात आणि आकडा खोटाच चढलेला दिसतो. अशा वेळी डॉक्टर पुन्हा रक्त घ्यायला सांगतील. ‘मागच्या वेळीही चुकीचाच आला होता’ म्हणून आपल्या मनानं सोडून देऊ नका.

२. लघवी मोजा आणि पाण्याचा आकडा काढा

डायलिसिसवरच्या माणसासाठी बहुतेक ठिकाणी हाच हिशेब सांगतात: आदल्या २४ तासांत झालेली लघवी अधिक ५०० मिलीलिटर. घाम आणि श्वास यांतून जे पाणी जातं, त्यासाठी ते ५०० असतात.

मोजायचं असं. सकाळी सहाला उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची, ती कालची. त्यानंतरची प्रत्येक मगात मोजून वहीत लिहायची, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची धरून. आप्पांची बेरीज ३०० मिलीलिटर आली. म्हणजे दिवसाचा कोटा ८००. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा, कारण डायलिसिस सुरू झाल्यावर लघवी हळूहळू कमी होत जाते आणि जुना कोटा चालत राहतो.

आता ८०० मध्ये काय काय धरायचं? आम्ही पहिलं वर्षभर फक्त तांब्यातलं पाणी मोजत होतो. सकाळचा चहा, गोळ्यांबरोबरचं पाणी, भातावरची आमटी, दुपारचं ताक, संध्याकाळची आंबील, यातलं काहीच मोजत नव्हतो. भांड्यात घातल्यावर जे ओघळतं ते सगळं पाणीच. बर्फाचा खडासुद्धा वितळला की पाणीच.

सोपी युक्ती अशी: सकाळी बाटलीत ८०० मिलीलिटर पाणी भरून ठेवा. चहा प्यायला १०० मिलीलिटर, तर बाटलीतलं १०० मिलीलिटर पाणी झाडाला घाला. आमटी वाटीभर झाली, पुन्हा तेवढं झाडाला. बाटलीत जे उरलं तेवढंच प्यायचं. आप्पांना वहीतल्या आकड्यांपेक्षा ही बाटली पटली, आणि आमच्या तुळशीचंही बरं झालं.

खरी परीक्षा वजनकाट्यावर होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आप्पांचं ड्राय वेट ५२ किलो, म्हणजे डायलिसिसनंतर अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन ड्राय वेटच्या चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये, असं आम्हाला सांगितलंय. त्यांच्या बाबतीत ते साधारण दोन किलो होतं. रोज सकाळी, शौचाहून आल्यावर, चहाआधी, त्याच कपड्यांत वजन करायचं. काटा एका दिवसात किलोभर चढला तर काल कुठलं तरी भांडं मोजायचं राहिलंय असं समजा.

३. तहान पाण्यानं भागत नाही, मीठ कमी केल्यावर भागते

‘आप्पा ऐकतच नाहीत, सारखं पाणी मागतात,’ अशी माझी तक्रार होती. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, जेवणात लोणचं असतं का? सांडगी मिरची? पापड? संध्याकाळी चहाबरोबर खारी, फरसाण? सगळंच होतं. मीठ खाल्लं की शरीर पाणी मागणारच. मग माणसावर चिडून काय उपयोग? मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, आणि तो स्वयंपाकातला धरून. सांडगी मिरची थांबवली तेव्हा आप्पा चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण पंधरवड्यात त्यांचं पाणी मागणं निम्म्यावर आलं.

इथं एक मोठा सापळा आहे. दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, रक्तदाबवाल्यांसाठी चांगलं म्हणून. त्यात सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. आपल्या माणसाला ते नको. पुडक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्या. साधंच मीठ वापरा, पण मोजून.

तोंड फारच कोरडं पडलं तर चूळ भरून थुंकायची, लवंग चघळायची, लहान कपानं घोट घोट प्यायचं. पेला भरून हातात दिला की तो संपवलाच जातो. मधुमेह असेल तर साखर वाढल्यानंही तहान लागते, तेही तपासून बघा.

४. शहाळ्याचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. उकाडा मरणाचा, वळीव अजून पडला नव्हता. रविवार होता. गुरुवारच्या डायलिसिसला तीन दिवस झाले होते आणि पुढचं सोमवारी. आठवड्यातला मोठा खंड म्हणजे हाच. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही या दिवसांत साठत आलेलं असतं.

चंदगडचे मामा आले, घरच्या झाडाची सहा शहाळी घेऊन. ‘उष्णता वाढलीय, हे प्या, किडनी साफ होईल.’ आप्पांनी दुपारी दोन प्यायली. घरात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मीच तर सोलून दिली होती.

संध्याकाळी सातला आप्पा म्हणाले, पाय उचलत नाहीत. ओठांना मुंग्या आल्यासारखं होतंय म्हणाले. आम्हाला वाटलं साखर उतरली. तपासली नाही, आणि घाईघाईत मोसंबीचा रस पेलाभर दिला. रात्री त्यांना धड उभंही राहता येईना, तेव्हा गाडी काढली. बेळगावात पोचल्यावर आधी ईसीजी झाला. डॉक्टरांनी कागदावरच्या उंच, टोकदार लाटा दाखवल्या आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आज काय प्यायलेत?’ पोटॅशियम ६.९ होतं. साखर १६०, म्हणजे उतरलेली नव्हतीच.

त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला तेवढ्यापुरतं सांभाळतं. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन दिलं. त्यानं रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकललं जातं, पण शरीराबाहेर जात नाही. बाहेर काढायला रात्रीच डायलिसिस करावं लागलं.

नंतर बाईंनी वहीत मांडून दाखवलं ते असं. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलीलिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, नारळाची जात आणि वय यांप्रमाणे थोडं कमीजास्त. एका शहाळ्यात ३५० मिलीलिटर पाणी धरा. दोन शहाळी म्हणजे ७०० मिलीलिटर, म्हणजे १७५० मिलिग्रॅम. वर मोसंबीच्या पेल्यातलं अंदाजे ३०० मिलिग्रॅम. झालं २०५०. आप्पांना अख्ख्या दिवसाची मर्यादा होती २०००, आणि ती भात, भाजी, दूध सगळं धरून. पाण्याचं बघा: ७०० अधिक २००, म्हणजे ९००. कोटा ८०० चा. चहा आणि आमटी यात धरलेलीच नाहीत.

निरोगी माणूस तेवढंच पिऊन संध्याकाळपर्यंत लघवीवाटे बाहेर टाकतो, म्हणून मामांना कधी काही झालं नाही.

अर्धं शहाळं चालेल का, असं सगळेच विचारतात. आप्पांना आम्ही अजिबात देत नाही, कारण अर्धं सोलून उरलेलं कोण टाकतं? पॅकेटमधलं नारळपाणी म्हणजेही तेच. देवळात फोडलेल्या पक्क्या नारळाचं पाणीही तेच, तळहातावर तीर्थापुरतं घेतलं तर बिघडत नाही, वाटीभर नको.

५. बाकीची पेयं

फळांचे रस शहाळ्याच्या खालोखाल. संत्रं, मोसंबी, डाळिंब, टोमॅटो, कशाचाही रस काढला की तीन-चार फळांचं पोटॅशियम एका पेल्यात येतं. फळ खायचंच तर सफरचंद, पेअर किंवा अननस, तेही एखादी फोड. ‘किडनीसाठी’ म्हणून सांगितले जाणारे हिरव्या पाल्यांचे रस आणि घरगुती काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

ओआरएस जुलाबात उपयोगी, हे आपण शाळेपासून ऐकलंय. पण त्यात पोटॅशियम क्लोराइड मुद्दाम घातलेलं असतं, आणि मीठही. उन्हानं थकवा आला म्हणून पाकीट फोडू नका. खरंच जुलाब-उलट्या होत असतील तर आधी डायलिसिस युनिटला फोन करा.

उसाचा रस निपाणी-चिकोडीकडे गेलं की टळत नाही. पेला मोठा असतो, साखर भरपूर, पोटॅशियमही आहेच. काकवी आणि गूळ म्हणजे तोच रस आटवलेला, म्हणून चहात गुळापेक्षा साखर बरी. मधुमेह असेल तर दोन्ही विचारून.

चहा चालतो, लहान कपानं, मोजून. दूध जपून. ताक अगदी पातळ आणि बिनमिठाचं, अर्धी वाटी. नाचणीची आंबील आमच्याकडे उन्हाळ्यात रोज असते. तीही आम्ही बंद केली नाही, लहान वाटीवर आणली आणि बाटलीच्या हिशेबात धरली. लिंबू सरबतात लिंबाचं पोटॅशियम फार नसतं, घात मिठाचा. कोकमाचं आगळ खारवलेलं असतं, तेव्हा त्याचं सरबत नको. सोलकढीत नारळाचं दूध आलं, म्हणजे पोटॅशियम आलं.

कमरख, म्हणजे कापलं की चांदणीसारखं दिसतं ते आंबट फळ, किंवा त्याचा रस किडनी निकामी झालेल्या माणसाला एक घोटही देऊ नका. त्याचं कारण नुसतं पोटॅशियम नाही. त्यात मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य असतं, ते किडनीवाटे बाहेर पडत नाही. न थांबणारी उचकी लागते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, झटके येतात. जीवही जातो.

आणि आता कटाची आमटी. भाज्यांतलं आणि डाळीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणून बटाटा, रताळं, सुरण सोलून बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात उकडायचं आणि ते पाणी ओतून टाकायचं, मग फोडणीला घालायचं. सगळं निघून जात नाही, पण बरंच कमी होतं. हे मी मन लावून करू लागले. होळीला पुरण शिजवलं, डाळ निथळली आणि नेहमीच्या हातानं तो कट आमटीला घेतला. वर गूळ, चिंच, सुकं खोबरं. आप्पांनी दोन वाट्या भुरकल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की भाजीचं जे पाणी मी वर्षभर मोरीत ओततेय, त्याच जातीच्या पाण्याची ही आमटी आहे. आता त्यांना पोळी अर्धी, आणि कट बाकीच्यांना. भाज्यांची सुपं आणि पालेभाज्यांचं उकळलेलं पाणी याच कारणानं वर्ज्य.

६. साखर उतरली तर

मधुमेह असलेल्यांसाठी हे वेगळं लिहिते, कारण आमची चूक इथंच झाली. घाम, थरथर, गोंधळ दिसला की आधी बोटातून साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर माणूस शुद्धीवर असताना तीन चहाचे चमचे साखर थोड्याशा पाण्यात द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. फळाचा रस नको, शहाळं नको. ग्लुकोज पावडर घेणार असाल तर साधी घ्या, क्षार घातलेली नको. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

७. कधी थांबायचं नाही

पोटॅशियम वाढल्याचं अंगावर काही दिसेलच असं नाही, हीच त्याची मोठी खोड. दिसलं तर पाय जड होणं, अंगातली ताकद जाणं, ओठांना किंवा बोटांना मुंग्या, छातीत धडधड किंवा ठोके चुकल्यासारखं वाटणं. पाणी वाढल्याचं लक्षण म्हणजे पायावर, डोळ्यांखाली सूज, आणि आडवं झालं की दम लागणं, उशांवर उशा रचून बसावं लागणं. यातलं काहीही झालं तर पुढच्या पाळीची वाट बघू नका. रात्र असली तरी ईसीजी आणि डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात जा. दारातच सांगा, ‘डायलिसिसचा पेशंट आहे, पोटॅशियम बघा,’ आणि काय खाल्लं-प्यायलं ते लपवू नका.

पथ्य पाळूनही आकडा वर येत असेल तर औषधांची यादी दाखवा. रक्तदाबाच्या आणि सूज उतरवायच्या काही गोळ्यांनी, तसंच अंगदुखीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, दाखवायच्या. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा. किडनी थकल्यावर शरीर शौचावाटे जास्त पोटॅशियम टाकायला बघतं, ती वाटही तुंबली की आकडा चढतो.

८. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काय करायचं

आप्पा स्वतः कुणाला नाही म्हणत नाहीत. आलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणून पितात. म्हणून आम्ही दारामागे कागद चिकटवलाय. वर मराठीत ‘शहाळं, रस, फळं आणू नका’, खाली शेजारच्या अक्कांनी कन्नडमध्ये लिहून दिलंय, ‘एळनीरु बेड’. दवाखान्यात सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असल्या तर हा शब्द उपयोगी पडतो. एळनीरु म्हणजे शहाळ्याचं पाणी, उप्पु म्हणजे मीठ, नीरु म्हणजे पाणी.

चंदगडचे मामा अजूनही येतात. मागच्या महिन्यात रिकाम्या हातानं यायचं जिवावर आलं म्हणून आप्पांना एक छोटा कप घेऊन आले, कडेला खूण घातलेला, बरोबर शंभर मिलीलिटरचा.